दोन दातांची खिंड

आमच्या धाकटीचे वरचे पुढचे दोन्ही दात एकाच महिन्यात पडले. पहिला पेरू खाताना, तर दुसरा शाळेच्या गाडीत. तो तिनं रुमालात गुंडाळून घरी आणला आणि सगळ्यांना दाखवून झाल्यावर परसातल्या उंदराच्या बिळात टाकला. धारवाडला आमच्या सासरी पडलेला दात शेणात घालून कौलांवर फेकायची रीत. धाकटीनं तोडगा काढला. एक दात आईच्या रीतीनं, एक अप्पांच्या. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या मुलांना असे तोडगे शिकवावे लागत नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे एक फोटो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत धारवाडला सासऱ्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त सगळं घर जमलं होतं. बेळगावहून आमच्या ओळखीचा स्टुडिओवाला मुद्दाम नेला होता. त्यानं पायऱ्यांवर बसवून एकोणीस जणांचा एक मोठा फोटो काढला आणि मग ज्याला जसा हवा तसा जोडीनं, एकट्यानं असे काढत गेला. त्यात एक निघाला अज्जाचा आणि नातीचा. (आमच्या घरी आजोबांना सगळे अज्जाच म्हणतात, मीसुद्धा मुलांच्या तोंडून तेच शिकले.) खिडकीजवळच्या आरामखुर्चीत अज्जा बसलेत, धाकटी खुर्चीच्या हाताला टेकून उभी आहे. काही केल्या तिच्या तोंडावरचा हात खाली येईना. शाळेच्या गाडीत मुलं तिला 'बोच्चुबायी' म्हणून चिडवत होती, तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात धरायला लागली होती. मराठीत आपण बोळकं म्हणतो तेच हे, पण कन्नडमध्ये ते जरा जास्त लागतं, निदान तिला लागलं. शेवटी अज्जांनी काय करावं? खिशातून रुमाल काढला, तोंडातली कवळी हळूच रुमालात घेतली आणि तिच्याकडे बघून हसले. धाकटी हात सोडून खो खो हसली, आणि स्टुडिओवाल्यानं बटण दाबलं. पुढच्याच क्षणी कवळी जागेवर आणि हात तोंडावर.

त्यामुळे त्या पंचवीसएक फोटोंत धाकटी मोकळं हसतेय असा हा एकच.

धारवाडच्या हॉलमध्ये हा फोटो बारा बाय अठरा इंची करून लावायचं ठरलं आणि तिथून प्रश्न सुरू झाला. अत्तेंचं म्हणणं स्पष्ट होतं. "भिंतीवर लावायचा फोटो. तिला हल्लु हाकिसु." म्हणजे दात बसवून घे. यांचंही तेच मत पडलं, कारण यांना वादात पडायचं नव्हतं. थोरली म्हणाली, "त्यात काय, कॉम्प्युटरवर एका मिनिटात होतं." आणि मी? खरं सांगायचं तर मलाही आधी तेच वाटलं होतं. मूल सुंदर आहे, हसू सुंदर आहे, मध्ये एवढं काळं कशाला?

म्हणून मी एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर स्टुडिओत जाऊन बसले.

स्टुडिओवाला माणूस हाताचा चांगला. त्याचे वडीलही याच धंद्यात होते, काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं काम करायचे. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. फोटोत जे काळं दिसायचं ते तिथं कोरं, पारदर्शक. त्यामुळे तिथं पेन्सिल फिरवली की छापताना तेवढी जागा उजळ येते. चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांवर, डोळ्यांखालच्या सावल्यांवर ते असं काम करायचे. तेव्हा दात बसवायची वेळ फारशी येत नसे, कारण स्टुडिओत मुलं हसतच नसत, असं तो सांगत होता. आज मुलं हसतात आणि आपल्याला प्रश्न पडतात.

त्यानं पहिली गोष्ट विचारली ती अशी, "मॅडम, किती मोठा छापायचाय?" हा प्रश्न मला बिनमहत्त्वाचा वाटला होता, पण निम्मा निकाल त्यातच असतो. तो एकोणीस जणांचा फोटोही अठरा इंचांचाच आहे. पण त्या अठरा इंचांत पायऱ्यांची पाच मीटर रुंदी बसलीय, म्हणजे माणूस साधारण अकरापट लहान झालाय. दुधाचा वरचा मधला दात साडेसहा मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. दोन दातांची खिंड तेरा मिलिमीटर धरली तर त्या फोटोत ती मोहरीच्या दाण्याएवढी उरते. तिथं दात बसवायला गेलं तर एकेका दाताला पडद्यावरचे सहा-सात ठिपके मिळतात. त्यात दात होत नाही, पांढरा डाग होतो, आणि लोक विचारतात, पोरीच्या तोंडात भात राहिलाय का? "ग्रुप फोटोत दाताला हात लावायचा नाही," असं त्यानं सरळ सांगितलं. अज्जा-नातीच्या फोटोत मात्र माणसं निम्म्याच मापाची आहेत. तिथं तीच खिंड साडेसहा मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून जरा कमी. हॉलमध्ये शिरणाऱ्या माणसाला ती दारातूनच दिसणार.

"करून दाखवतो की, बघा तरी," म्हणत तो कामाला लागला.

पहिला प्रयत्न पाच मिनिटांचा होता. एकच मधला दात पडलेला असता तर शेजारचा जोडीदार उचलून, आरशात धरल्यासारखा उलटा करून बसवायचा, ही या धंद्यातली नेहमीची युक्ती. इथं दोन्ही मधले गेलेले. मग त्यानं बाजूचा दात उचलला, रुंद केला आणि दोनदा बसवला. मी पाहिलं आणि काहीतरी चुकलंय हे लगेच कळलं, पण काय चुकलंय ते सांगता येईना. त्यानंच समजावलं. दुधाचा बाजूचा दात मधल्यापेक्षा अरुंद, जेमतेम पाच मिलिमीटरचा, आणि त्याचा कोपरा गोल. त्याला ओढून रुंद केलं की तो मऊ, धुरकट होतो आणि गोल कोपरा फावड्यासारखा पसरतो. दुसरं म्हणजे उजेड. या फोटोत खिडकी डावीकडे आहे, त्यामुळे प्रत्येक दाताच्या डाव्या अंगाला पांढरी चकाकी आहे. दात उलटा केला की चकाकी उजवीकडे जाते. पाहणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण डोळ्याला ते खुपतं. आपण माणसांचे चेहरे जन्मभर बघत आलेलो असतो, तेवढी तालीम दुसऱ्या कशाची झालेली नसते.

आणि तिसरी गोष्ट ओठांची. पुढचे दात नसलेलं मूल हसतं तेव्हा वरच्या ओठाला मागून आधार नसतो, तो मधोमध किंचित आत जातो. जिभेचं टोक खिंडीत पुढं येतं. खालच्या ओठावर दातांची सावली पडत नाही. नुसता दात बसवला की ओठ म्हणतो दात नाही, आणि दात म्हणतो आहे. चांगला कारागीर मग ओठही थोडा पुढं काढतो, जीभ पुसतो, खाली सावली घालतो. म्हणजे दातापासून सुरुवात केली की निम्मं तोंड नवं करावं लागतं.

"तिचा दात असतानाचा फोटो आहे का? असाच समोरून?" त्यानं विचारलं. तो माझ्याजवळ होता. मागच्या दिवाळीत आकाशकंदिलाखाली काढलेला, सात महिन्यांपूर्वीचा, दात दाखवून हसणारा. हा दुसरा प्रयत्न तासाभराचा झाला, आणि मी शेजारी स्टुलावर बसून सगळा पाहिला.

त्यानं दोन्ही फोटो उघडले. दिवाळीच्या फोटोतले दोन दात थोड्या हिरडीसकट कापून घेतले. हिरडी का, तर दात हिरडीतून निघतो तो कडाच सगळ्यांत अवघड. तो नुसता चिकटवला की दात तोंडात नाही, फोटोवर ठेवलाय असं दिसतं. ते कापलेलं त्यानं नव्या लेअरवर घेतलं, म्हणजे मूळ फोटोच्या वर ठेवलेला पारदर्शक कागद समजा. मूळ फोटोला धक्का लागत नाही, कागद उचलला की खाली सगळं जसंच्या तसं. मग तो कागद अर्धवट पारदर्शक करून दोन्ही तोंडं एकावर एक आणली. डोक्याचा कल दोन्ही फोटोंत जवळजवळ सारखा होता, थोडंच फिरवावं लागलं. कल फार वेगळा असता, एकात समोरून आणि दुसऱ्यात तिरपा, तर दात बसलाच नसता, कारण तिरपा दात दिसतो तेव्हा त्याची एक बाजूही दिसते. नंतर रंग. आकाशकंदिलाचा उजेड पिवळा, खिडकीचा निळसर. पिवळं काढून टाकलं, जरा गडद केलं. दिवाळीचा फोटो मोबाइलचा असल्यामुळे त्याचा पोत गुळगुळीत होता, त्यावर किंचित कण टाकले. मऊ ब्रशनं हिरडीची कड पुसत मिसळली. खालच्या ओठावर दोन फिकट सावल्या.

पारखायची त्याची पद्धत मला आवडली. फोटो पूर्ण मापाला आणून बघितला, मग टिकलीएवढा लहान करून बघितला, मग उलटा करून, आरशातल्यासारखा. मग म्हणाला, "आता खिडकीबाहेर बघा. आता इकडे बघा. आधी नजर कुठं गेली?" नजर डोळ्यांकडे गेली, दाताकडे नाही. म्हणजे काम जमलं होतं. फोटोतली मुलगी सुंदर दिसत होती. अत्तेंना हवी होती तशी.

पण ती मला थोडी अनोळखी वाटली. मी म्हटलं, ही लहान वाटतेय. तो म्हणाला, "वाटणारच की." आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी घरी येऊन दातांच्या डॉक्टरीण असलेल्या मैत्रिणीलाही विचारलं, तीही तेच म्हणाली. दुधाचा दात एकदा पूर्ण वर आला की पुढं वाढत नाही. जबडा मात्र वाढत राहतो. त्यामुळे पाच-सहाव्या वर्षी दुधाच्या दातांत फटी दिसायला लागतात. ती कीड नव्हे, येणाऱ्या मोठ्या दातांसाठी केलेली जागा असते. फोटो नीटनेटका करणारा माणूस मात्र फटी ठेवत नाही, गिऱ्हाईकाला त्या आवडत नाहीत. तो दात थोडे रुंद करून घट्ट बसवतो. झालं, सात वर्षांच्या तोंडात चार वर्षांच्या मुलाची दातांची ओळ! रंगही त्याच दिशेनं जातो. दुधाचे दात दुधासारखेच पांढरे, निळसर झाकेचे. नंतरचे थोडे पिवळट, आतला थर जाड असल्यामुळे.

त्याचा धंद्यातला एक नियम आहे. जे आठ-पंधरा दिवसांत जाणारं आहे ते तो न विचारता पुसतो: डास चावल्याचा फोड, ओठाला लागलेलं चटणीचं बोट, दातात अडकलेली कोथिंबीर. जे जन्माचं आहे ते ठेवतो: तीळ, खळी, जुना व्रण. नियम चांगला आहे. त्या नियमानं खिंडही पुसायला हवी, कारण तीही जाणारीच आहे. मी तिथं बसल्या बसल्या यावर विचार करत राहिले. फोड गेला की चेहरा पुन्हा पूर्वीसारखा होतो, तो पुसताना आपण चार दिवस आधीचा किंवा चार दिवस नंतरचा खरा चेहराच आणत असतो. खिंड गेली की पूर्वीचा चेहरा परत येत नाही. येतो तो तिसराच, मोठ्या दातांचा. साडेसहा मिलिमीटरच्या जागी साडेआठ मिलिमीटरचे दोन दात येतात, लहान चेहऱ्यात ते केवढे तरी दिसतात. दुधाचे दात परत बसवले तर तो चेहरा त्या दिवशीचा नाही, पुढचाही नाही. धाकटी दिवाळीत अशी होती, पण तेव्हा तिनं तो फ्रॉक घातला नव्हता, ती इतकी उंच नव्हती आणि अज्जांनी कवळी काढली नव्हती.

तरी मी निकाल दिला नाही. चेहरा तिचा आहे, आणि चिडवलं जातंय तिला, मला नाही. माझ्या मनात हेही होतं की भरलेला फोटो पाहून तिला बरं वाटलं तर मी कोण नको म्हणणारी? दोन्ही फोटो चार बाय सहाच्या कागदावर छापून घेतले आणि घरी गेले.

रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही तिच्यापुढं ठेवले, काही न बोलता. तिनं आधी भरलेला उचलला. बराच वेळ बघितला. मला वाटलं, आवडला. मग म्हणाली, "ही तर यूकेजीतली आहे." दुसरीत गेलेल्या मुलीच्या तोंडून हा शब्द कसा निघतो ते घरात मुलं असणाऱ्यांना सांगायला नको. मग तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "आणि माझा नवा दात कुठं गेला?"

"कुठला नवा दात?"

तिनं दुसरा फोटो दाखवला, मूळचा. आणि खरंच, खिंडीच्या एका बाजूला, हिरडीला लागून, पांढरी बारीक कड होती. फार तर दोन मिलिमीटर. तिचा कायमचा दात त्या दिवशीच, तिच्या भाषेत, 'डोकावत' होता. ती रोज आरशासमोर जिभेनं त्याला चाचपत होती, फक्त मला सांगितलं नव्हतं. मी सबंध तासभर तो फोटो मोठा करून पाहिला होता. मला खिंडीत काळं दिसलं. स्टुडिओवाल्यानं ती कड चकाकी समजून दातानं झाकून टाकली. आलेल्या दातावर आम्ही पडलेला दात बसवला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो भाग पडद्यावर पुन्हा मोठा करून बघितला. नव्या दाताच्या कडेला करवतीसारखे तीन छोटे उंचवटे असतात, नुकत्या आलेल्या दाताची ती खूण. चावून चावून पुढं ते झिजतात. फोटोत त्यातले दोन स्पष्ट होते. त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी आधी हे सांगते: भरायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी खिंड पूर्ण मोठी करून बघा. सहा ते आठ वर्षांच्या मुलाच्या खिंडीत बहुधा काहीतरी असतं. हिरडी फुगून पांढुरकी झालेली असते, किंवा कड असते, किंवा जिभेचं टोक तिथं आलेलं असतं. खालचे मधले दात सहा-सातच्या सुमारास आधी पडतात, मग वरचे मधले, मग त्यांच्या शेजारचे. म्हणजे या दोन-तीन वर्षांत कुठल्याही दिवशी काढलेल्या फोटोत काही जात असतं, काही येत असतं. 'सगळे दात असलेला फोटो' असा दिवसच त्या काळात नसतो. वरचे दोन मोठे दात आल्यावरही त्यांच्यामध्ये फट राहते, ती बहुधा अकरा-बाराव्या वर्षी सुळे येईपर्यंत. ती भरायला निघालात तर पाच वर्षं स्टुडिओतच बसावं लागेल.

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर मी काही तत्त्वाला चिकटून बसले असं वाटायचं. माझ्या एका सहकारी बाईंचा मुलगा चार वर्षांचा असताना जिन्यावरून पडला, वरचा मधला दात मुळापासून निघाला. दुधाचा दात लवकर गेला म्हणून कायमचा लवकर येत नाही. तो त्याच्या वेळेलाच येतो. सातवं संपेपर्यंत, तीन वर्षांहून अधिक, तो मुलगा त्या खिंडीनिशी राहिला. त्या तीन वर्षांचे सगळे फोटो तसेच आहेत. मधल्या काळात त्याच्या मुंजीच्या आमंत्रणासाठी एक फोटो निवडताना त्याच्या आईनं दात भरून घेतला. शेजारचा जोडीदार होता, खिडकी समोर होती, काम छान झालं. मला ते चुकीचं वाटलं नाही. ती खिंड वाढीची नव्हती, अपघाताची होती, आणि मुलगा फोटो बघताना दर वेळी जिन्याची गोष्ट काढायचा. फक्त घरच्या अल्बममधले तिनं तसेच ठेवले, आणि भरलेल्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं तसं लिहून ठेवलं. मला हे लिहिणं फार आवडलं. वीस वर्षांनी त्याच्या मुलांना गोंधळ नको. पासपोर्टच्या, ओळखपत्राच्या फोटोत मात्र असलं काही करू नये. पासपोर्टला तर तोंड मिटूनच फोटो लागतो, तेव्हा प्रश्न आपोआप मिटतो.

राहिल्या अत्ते. त्यांना फोनवर सांगायला मीच घाबरत होते. त्यांचा राग असा नव्हता, पण भिंतीवर नात अर्धी दिसू नये हा त्यांचा जीव होता, आणि तोही खोटा नाही. मी म्हटलं, नवा दात आलाय फोटोत, झाकला जाईल. त्या गप्प झाल्या. मग फोन अज्जांनी घेतला. त्यांना सगळं माहीत होतं. "ब्याड," म्हणाले. नको. मी म्हटलं, अज्जा, तुमचा पण फोटो बिनकवळीचाच आहे, तुम्हाला चालेल? पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं कधी बिनकवळीचा फोटो काढू दिलेला नव्हता, आमच्या लग्नाच्या अल्बमपासून ते आधार कार्डापर्यंत. ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, कवळी मी काढली होती ती तिच्यासाठी. तिच्या तोंडात तुम्ही दात घातले तर मी कशाला हसतोय ते कुणाला कळणार?

फोटो तसाच छापायचा ठरला. एवढंच केलं की स्टुडिओवाल्यानं खिंडीतला काळेपणा किंचित उजळला. तिथं काळं कधीच काळं नसतं, तांबूस असतं. कॅमेऱ्यात ते जास्त गडद उतरतं, आणि नजर आधी तिथं जाते. तेवढं कमी केल्यावर नजर डोळ्यांकडे जायला लागली आणि ती दोन मिलिमीटरची कडही दिसायला लागली. हे करायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मात्र धाकटीनं तोंड मिटलेला फोटो दिला. तो तिनं निवडला, आणि मी काही बोलले नाही. गाडीतली मुलं तो अंक बघणार होती, धारवाडचा हॉल नव्हे.

आता तिचे दोन्ही दात पूर्ण आलेत, करवतीच्या कडांसकट, चेहऱ्याला मोठे. हसताना हात वर जात नाही. सध्या शेजारचा हलतोय.

फोटो घ्यायला गेले तेव्हा स्टुडिओवाल्यानं बिल दिलं. बारा बाय अठरा, फ्रेमसहित, एक नग. खाली चार बाय सहाचे दोन. त्याच्या खाली त्याच्या बारीक अक्षरात 'दात दोन', आणि पुढं रकमेच्या रकान्यात रेघ. मी म्हटलं, तासभर काम केलंस की, पैसे घे. तो म्हणाला, "बसवले असते तर घेतले असते."